फेक चांगली, तरी नापास: भाला आणि थाळी टाकताना मूठ, कोन आणि मोजणी कुठे चुकते

पावसाळा अर्धा सरला की आमच्याकडे बेळगाव भागात होबळी, म्हणजे तालुक्याच्या खालची पातळी, आणि तालुका पातळीच्या स्पर्धा सुरू होतात. खानापूरच्या बाजूला मैदानात अजून पाणी साचलेलं असतं, निपाणी-चिकोडीकडे काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, आणि त्यातच भाल्याचा आर्क आणि थाळीचं सर्कल आखायचं असतं. बरीच वर्षं कधी पंच म्हणून, कधी पोरांना घेऊन मी या मैदानांवर उभा आहे. पोरं हरतात ती ताकदीने कमी आणि तीन गोष्टींनी जास्त: मूठ चुकते, ४५ अंशांचं भूत डोक्यात बसलेलं असतं, आणि मैदान आखताना किंवा टेप धरताना कोणीतरी घाई करतो. या लेखात एवढंच आहे. धावण्याची पावलं आणि थाळीची गिरकी हा वेगळा विषय, त्यात शिरत नाही.

वर्णन उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी वाचावी.

टप्पा १: आधी मैदान, मग भाला

क्रम मुद्दाम असा ठेवलाय. सरावाचं मैदान चुकीचं आखलं असेल तर पोराला आपली खरी फेक किती हेच कळत नाही, आणि स्पर्धेच्या दिवशी ते उघडं पडतं.

भाल्यासाठी रनवे ४ मीटर रुंद हवा. लांबी निदान ३० मीटर लागते, शाळेत जागा नसेल तर जमेल तेवढी घ्या. रनवेच्या बरोबर मध्यावर, पुढच्या टोकाच्या मागे, एक लांब खिळा ठोका. हा खिळा म्हणजे सगळ्याचा केंद्रबिंदू. त्याला ८ मीटरची न ताणणारी दोरी बांधून पुढे चाप ओढा. हाच आर्क, भाला टाकताना याच्या मागेच राहायचं. तो रनवेच्या दोन्ही रेषांना मिळतो त्या दोन बिंदूंमधलं अंतर बरोबर ४ मीटर येतं. दोन्ही टोकांपासून बाहेर ७५ सेंटीमीटरची पांढरी रेषा काढा. आर्कचा पट्टा ७ सेंटीमीटर रुंद असतो आणि ८ मीटर मोजायचे ते पट्ट्याच्या आतल्या कडेपर्यंत, म्हणजे खेळाडूच्या बाजूच्या कडेपर्यंत.

सेक्टर म्हणजे ज्याच्या आत फेक पडली पाहिजे तो भाग. त्याच्या रेषा त्याच खिळ्यातून निघून आर्कच्या दोन टोकांवरून पुढे जातात. नियमपुस्तकात कोन २८.९६ अंश दिलाय, पण मैदानावर कोनमापक घेऊन कोण बसणार? साधा हिशोब असा: खिळ्यापासून कुठल्याही अंतरावर दोन रेषांमधलं अंतर त्याच्या निम्मं असतं. ८ मीटरवर ४, ४० मीटरवर २०. फक्त आर्कच्या टोकावरून सुतळी ताणून पुढे नेऊ नका, कारण तिथली चार बोटांची चूक ४० मीटरवर पाचपट होते. खिळ्यापासून सरळ मधोमध ३८.७३ मीटरवर एक खुंटी ठोका. एक टेप खिळ्यापासून ४० मीटर आणि दुसरा खुंटीपासून बाजूला १० मीटर ताणा. दोघं जिथे मिळतात तिथे सेक्टरची रेषा. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा.

थाळीचं सर्कल २.५० मीटर व्यासाचं, म्हणजे १.२५ मीटरची दोरी. सेक्टर केंद्रातून निघतो आणि दोन रेषांमधलं अंतर केंद्रापासूनच्या अंतराच्या सहा दशांश असतं. खुंटी केंद्रापासून १९.०८ मीटरवर, बाजूला ६ मीटर, केंद्रापासून २० मीटर. सर्कलच्या दोन्ही बाजूंना, बरोबर मध्यावर, ७५ सेंटीमीटरच्या पांढऱ्या रेषा हव्यात. सर्कलचा पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग याच रेषांनी ठरतो.

*तपासा:* गोळाफेकीचं सर्कल २.१३५ मीटरचं असतं. शाळेच्या मैदानावर सिमेंटचं एकच सर्कल असेल तर ते बहुधा गोळ्याचं. त्यातच थाळीचा सराव करणारी पोरं स्पर्धेच्या मोठ्या सर्कलमध्ये गोंधळतात, शेवटचं पाऊल कुठे पडायचं हे हुकतं. टेप लावून व्यास मोजा, अंदाज नको.

*तपासा:* भाल्याचा खिळा स्पर्धा संपेपर्यंत काढायचा नाही. त्याला लाल फडकं बांधा, पण डोकं जमिनीत दाबून ठेवा, धावणाऱ्याचा पाय अडकता कामा नये. हा खिळा हरवला की पुढची सगळी मोजणी बिघडते. कशी, ते टप्पा ७ मध्ये.

मैदानाची दिशा ठरवताना दोन गोष्टी बघा. एक, उतार. फेकीच्या दिशेने उतार हजारात एकापेक्षा जास्त नको, म्हणजे ४० मीटरला चार सेंटीमीटर. खानापूर तालुक्यात सपाट मैदान मिळणं म्हणजे नशीब, पण निदान चढाकडून उताराकडे टाकून खोटा आकडा लिहू नका. दुसरी, वारा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगाव पठारावर वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. सराव एकाच दिशेने केला तर मुलाला एकाच वाऱ्याची सवय लागते. आठवड्यातून एक दिवस उलट दिशेने टाकायला लावा.

टप्पा २: वजन आणि अवजार

हा टप्पा छोटा आहे, पण इथे चुकलं तर नाव खोडलं जातं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम, महिलांचा ६०० ग्रॅम. १८ वर्षांखालील मुलांना ७०० आणि मुलींना ५०० ग्रॅम. थाळी पुरुषांची २ किलो, महिलांची १ किलो. १८ खालच्या मुलांची दीड किलो, मुलींची १ किलो. शालेय स्पर्धेत वयोगट वेगळे पाडलेले असतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊन वजन ठरवा.

भाल्याची दोरीची मूठ बोटांनी पिळून बघा. सैल असेल तर तो भाला सरावालाही नको. भाला दोन बोटांवर आडवा धरून तोल बघा: तोल दोरीच्या आतच सापडला पाहिजे. बांबूचा भाला पहिल्या दोन आठवड्यांना ठीक आहे, पण तो जड शेपटीचा असेल तर त्यावर शिकलेला कोन खऱ्या भाल्यावर लागू होत नाही. थाळीची कड हाताने फिरवून चाचपा. कुठे दात निघाला असेल तर बोट कापतं.

*सावधान:* भाला परत आणताना टोक खाली, उभा धरून, चालत. फेकून परत द्यायचा नाही, कितीही घाई असो. थाळीला जाळी नसेल तर सर्कलच्या दोन्ही बाजूंना कोणी उभं राहायचं नाही. उजव्या हाताच्या पोराची थाळी लवकर सुटली तर उजवीकडे जाते, उशिरा सुटली तर डावीकडे.

टप्पा ३: भाल्याची मूठ

पोरगं पहिल्यांदा भाला हातात घेतं तेव्हा काठीसारखा घेतं, पाचही बोटं आवळून आणि भाला तळव्याला आडवा. अशा मुठीत मनगट कुलुप होतं, आणि हात पुढे आला की भाल्याचं टोक वर किंवा बाहेर फिरतं.

तळवा आकाशाकडे करा. भाला तळव्यात तिरका ठेवा: तर्जनीच्या मुळाजवळून अंगठ्याच्या गादीकडे, मनगटाच्या मध्याच्या दिशेने. दोरीची मागची कड, म्हणजे शेपटीकडची कड, शोधा. सगळा जोर त्या कडेमागे लागतो. तिच्यामागे कुठलं बोट ठेवायचं यावर तीन पद्धती आहेत. पहिलीत अंगठा आणि तर्जनी कडेमागे असतात, नवशिक्यांना ही सोपी. दुसरीत अंगठा आणि मधलं बोट कडेमागे, तर्जनी भाल्यावरून मागे पसरलेली. मधलं बोट लांब आणि जोरदार, तर्जनी भाल्याला दिशा देते, म्हणून बरेच अनुभवी खेळाडू ही धरतात. तिसरीत तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात भाला. दंडाला आणि कोपराला ती सोसते असं काहीजण म्हणतात, पण मला त्यात लहान मुलांचा भाला डगमगताना दिसतो, म्हणून मी ती शिकवत नाही.

तीनपैकी एक निवडा आणि वर्षभर बदलू नका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघून मूठ बदलणारी पोरं दरवर्षी असतात.

*तपासा:* खेळाडूने भाला खांद्यामागे, तळवा वर करून धरावा. दुसऱ्याने शेपटी धरून हळूच मागे ओढावं. भाला घसरला तर बोट कडेमागे नाही, दोरीच्या मध्यावर आहे. मग बोटं सैल सोडायला सांगा आणि पुन्हा ओढा. कड बोटाला टेकलेली असेल तर ढिल्या मुठीतही भाला जागचा हलत नाही. आवळायची गरज नाही हे पोराला तेव्हाच पटतं.

नियमाची बाजू: भाला दोरीच्या जागीच धरायचा आणि खांद्यावरून किंवा दंडाच्या वरच्या भागावरून टाकायचा. गोफणीसारखा बाजूने फिरवून टाकला तर फाउल. त्याने कोपरही जातं, ते वेगळंच. दोन बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधता येत नाहीत.

टप्पा ४: थाळीची मूठ

थाळी धरायची नसते, तिच्यावर हात ठेवायचा असतो. हे वाक्य ऐकून पोरं हसतात, मग थाळी पायावर पाडून घेतात.

डाव्या हातावर थाळी ठेवा. उजवा तळवा वरून तिच्या मध्याच्या जरा मागे टेकवा. चारही बोटं पसरवा आणि फक्त शेवटच्या पेरांची टोकं कडेवरून खाली वळवा. अंगठा थाळीवर सपाट, मोकळा. मनगट किंचित आत. आता हात झुलवा. थाळी पडत नाही, कारण हात वर्तुळात फिरतो आणि ती बोटांच्या टोकांवर बाहेरच्या बाजूला ओढली जाते. झोका थांबला की मात्र पडणार, म्हणून झोक्याच्या शेवटी डावा हात खाली हवा.

सुटताना थाळी करंगळीकडून तर्जनीकडे निघते आणि शेवटचा स्पर्श तर्जनीचा. त्याने तिला वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरकी बसते. ही फिरकी थाळीला हवेत स्थिर ठेवते. फिरकीच नसेल तर थाळी फडफडते, आणि फडफडणारी थाळी कितीही जोरात टाकली तरी हवेत अडकल्यासारखी खाली येते.

*तपासा:* उभ्याने, हात खाली सोडून, थाळी कडेवर जमिनीवर घरंगळत सोडा. तर्जनीवरून सुटली तर दहा-पंधरा मीटर सरळ धावते. लगेच कोलमडली तर बोटं आवळली आहेत किंवा ती करंगळीवरून सुटलीय. आमच्या पोरांना मी पहिला आठवडा एवढंच करायला लावतो. कंटाळतात. पण आठवड्यानंतर कोणाची थाळी फडफडत नाही.

पावसात थाळी आणि हात दोन्ही कोरडे करायला फडकं जवळ ठेवा. हाताला पावडर चालते, बुटाला किंवा सर्कलच्या फरशीला काही लावायचं नाही.

टप्पा ५: सुटण्याचा कोन

विज्ञानाच्या पुस्तकात ४५ अंशावर फेक सर्वात लांब जाते असं दिलेलं असतं, आणि तेच मुलांच्या डोक्यात बसतं. पुस्तक खोटं नाही, पण ते तीन अटी गृहीत धरतं: हवा नाही, वस्तू जमिनीवरूनच सुटते, आणि कुठल्याही कोनात वेग सारखाच राहतो. मैदानात तिन्ही अटी मोडतात.

सर्वात मोठी मोडते ती तिसरी. माणसाचा हात आणि अंग पुढे जितका जोर लावतात तितका वर लावू शकत नाहीत. कोन उंच केला की वेग पडतो. आकड्यात पाहू. हवा सोडून द्या, हातातून सुटण्याची उंची १.८ मीटर धरा. २० मीटर प्रति सेकंद वेगाने ४५ अंशावर टाकलं तर ४२.५० मीटर. त्याच वेगाने ३५ अंशावर ४०.७३ मीटर. म्हणजे कोन उतरवून पावणेदोन मीटर गेले. पण तोच मुलगा ३५ अंशावर २१ चा वेग काढू शकला तर फेक ४४.६७ मीटर होते. कोनाने घालवलेलं वेगाने दुपटीहून जास्त परत दिलं. म्हणून भाल्यासाठी साधारण ३२ ते ३६ अंश आणि थाळीसाठी ३५ ते ४० अंशांच्या आत राहायचं. शाळकरी मुलांना मी खालच्या बाजूचा आकडा सांगतो, कारण त्यांची चूक नेहमी वरच्या दिशेने होते.

आता एक गोष्ट जी शिकवतानाही बहुतेकजण विसरतात: कोन दोन असतात. एक, हात ज्या वाटेने जातो आणि भाला प्रत्यक्षात ज्या दिशेने निघतो तो. दुसरा, भाल्याचा स्वतःचा कल, म्हणजे टोक किती वर बघतंय. हे दोन्ही जवळपास एक हवेत. हात ३५ अंशाच्या वाटेने गेला आणि टोक ५० अंशावर बघत असेल तर भाला पोट पुढे करून हवेत जातो. हवा त्याला खालून अडवते, तो मध्येच थबकतो, आणि आडवा किंवा शेपटीवर पडतो. अंतर तर गेलंच, वर फेकही नापास. प्रेक्षक म्हणतात, "काय उंच गेला ओ!" आणि पंचाचा लाल झेंडा वर असतो.

टोक वर का जातं? बहुतेक वेळा हात मागे नेताना तळवा खाली झुकतो आणि मनगट सैल पडतं. तळवा खांद्याच्या उंचीवर, वर बघता ठेवला आणि टोक भुवईजवळ राहिलं तर कल आपोआप बरोबर येतो. दुसरं कारण, डावा पाय. शेवटच्या पावलात डावा पाय ताठ रोवला पाहिजे. तो गुडघ्यात मोडला की छाती खाली जाते, मग पोरगं हाताने वर उचलून भरपाई करतं. कोन हाताने करायचाच नाही. छाती वर, डावा पाय ताठ आणि कोपर कानाजवळून उंच गेलं की ३५ अंश तिथेच तयार होतो.

थाळीत हेच, पण थोडं वेगळं. थाळीचा पुढचा काठ तिच्या वाटेपेक्षा पाच-दहा अंश खालीच असावा. वाट ३६ अंशाची असेल तर थाळीचा कल २८ च्या आसपास. पुढचा काठ वर उचलला की थाळी परातीसारखी उताणी होते, हवा तिला झेलते आणि ती वर चढून जागच्या जागी पडते. समोरून वारा असेल तर काठ अजून खाली आणि फेक थोडी सपाट. समोरचा मध्यम वारा थाळीला उचलून धरतो, त्यामुळे आमच्या पावसाळी पश्चिमेच्या वाऱ्यात पश्चिमेकडे टाकणारा फायद्यात राहतो, मात्र काठ खाली ठेवायला शिकला असेल तरच. पाठीमागून वारा असेल तर दोन-तीन अंश जास्त चालतात.

*कोन कसा मोजायचा:* मोबाईल पुरतो. फेकणाऱ्याच्या उजव्या बाजूला, फेकीच्या दिशेशी काटकोनात, दहा मीटरवर, खांद्याच्या उंचीला मोबाईल खांबाला बांधा. स्लो मोशन लावा. भाला हातातून सुटल्याचं पहिलं चित्र थांबवा आणि कंपासपेटीतला कोनमापक पडद्यावर टेकवून भाल्याचा कल मोजा. मग तीन-चार चित्रं पुढे जाऊन भाल्याची दोरीची जागा कुठून कुठे गेली ती रेष बघा, तिचा कोन मोजा. दोन्हीतला फरक पाच अंशांच्या आत असेल तर काम चांगलं. मोबाईल तिरका लागला तर आकडे खोटे येतात, म्हणून चित्रात एखादी उभी भिंत किंवा गोलपोस्ट दिसेल असं बघा आणि ती सरळ उभी आहे ना, ते आधी पाहा.

टप्पा ६: हातातून सुटलं म्हणजे संपलं नाही

फेक हातातून गेली की पोराची नजर तिच्यामागे जाते आणि पाय आर्कवर. आर्क किंवा त्याच्या पुढच्या जमिनीला पाय लागला की फाउल. नुसता स्पर्श पुरतो, ओलांडायची गरज नाही. म्हणून शेवटचं पाऊल आर्कच्या दीड-दोन मीटर मागे पडेल अशी धाव आखा. सुटल्यावर उजवा पाय पुढे येऊन थांबायला तेवढी जागा लागतेच.

भाला जमिनीला लागेपर्यंत रनवे सोडायचा नाही. सोडताना आर्क आणि त्याच्या बाजूच्या पांढऱ्या रेषांच्या पूर्ण मागून बाहेर पडायचं. आता एक सवलतही आहे: भाला पडल्यावर आर्कच्या टोकांपासून चार मीटर मागच्या रेषेपर्यंत खेळाडू मागे आला की त्याने रनवे नीट सोडला असं धरलं जातं. थाळीतही थाळी पडेपर्यंत आत, आणि बाहेर पडायचं ते मागच्या अर्ध्यातून. सर्कलच्या कड्याच्या वरच्या भागाला पाय लागला तरी फाउल. आतल्या बाजूला लागला तर चालतो. भाला टाकण्याआधी धावताना पूर्ण वळून पाठ आर्ककडे करायची नाही.

पोरांना माहीत नसलेली एक सूट: धावताना पाय चुकला आणि तोवर एकही नियम मोडला नसेल, तर थांबता येतं. अवजार खाली ठेवून, नियमाप्रमाणे मागून बाहेर येऊन, दिलेल्या वेळेत पुन्हा सुरू करता येतं. चुकीची धाव ओढून फाउल करण्यापेक्षा हे बरं.

*सावधान:* नाव पुकारताना तालुका स्पर्धेत कन्नड असतं. भाल्याला ईटी एसेत किंवा भर्जी एसेत म्हणतात, थाळीला चक्र एसेत. मराठी शाळेतल्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा. आमच्या एका मुलीची पहिली फेक नुसती हाक न कळल्याने गेली होती.

टप्पा ७: पडलं ते वैध का, आणि किती

भाल्याचं धातूचं टोक बाकी कुठल्याही भागाच्या आधी जमिनीला लागलं पाहिजे. रुतलंच पाहिजे असं नाही. जांभ्याच्या कठीण जमिनीवर भाला टोकावर आपटून सरपटत जातो, ती फेकही वैध. पंचाने जमिनीकडे वाकून बघावं. टोकाचा छोटा खड्डा आधी आणि मग ओरखडा असेल तर पास. लांबच्या लांब एकच चर उमटली असेल तर भाला आडवा पडला. ओल्या काळ्या मातीत हे स्वच्छ दिसतं, खडकाळ मैदानात पंच भाल्याच्या रेषेत, पडण्याच्या जागेजवळ उभा नसेल तर कोणालाच दिसत नाही. पडण्याची जागा सेक्टर-रेषांच्या आत हवी. रेष म्हणजे बाहेर. "सर, लाईनवर पडलं तर अर्धं धरत नाही काय ओ?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही धरत.

आता मोजणी. टेपचं शून्य पडण्याच्या खुणेवर धरायचं. भाल्यासाठी टोक पहिल्यांदा जिथे लागलं ती जागा, तो नंतर कुठे सरकला ते नाही. थाळीसाठी खुणेची सर्कलच्या सर्वात जवळची कड. टेप ताणून ८ मीटरच्या खिळ्यापर्यंत न्यायचा आणि आकडा वाचायचा आर्कच्या आतल्या कडेवर. थाळीत टेप सर्कलच्या केंद्रापर्यंत न्यायचा आणि कड्याच्या आतल्या बाजूला वाचायचा. सेंटीमीटरचा तुकडा उरला तर खालचा पूर्ण सेंटीमीटर लिहायचा.

खिळा हरवला की काय होतं, ते सरावाच्या एका सामन्यात मी पाहिलं. कोणीतरी खिळा उपटून ठेवला होता, म्हणून टेप आर्कच्या बरोबर मध्यावर, रनवेच्या मधल्या बिंदूवर टेकवून मोजणी सुरू होती. एका मुलाचा भाला डाव्या रेषेच्या सव्वा फूट आत पडला. टेपने ३८.२८ दाखवलं. दुसऱ्याचा मधोमध, ३८.१५. पहिला जिंकला असं जाहीर झालं. मी खिळा परत ठोकून दोन्ही खुणा मोजायला लावल्या. पहिल्याची खूण खिळ्यापासून ४६.०० मीटर, आर्कच्या कडेवर ३८.००. दुसऱ्याची ३८.१५ तशीच राहिली, कारण मधोमध पडलेल्या फेकीत दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं. निकाल उलटा झाला.

कारण असं: बाजूला पडलेल्या खुणेपासून आर्कच्या मध्यापर्यंतची रेष तिरकी जाते, म्हणून लांब येते. भाल्यात आर्कचं केंद्र ८ मीटर मागे असल्याने ही चूक पाव मीटरच्या वर जाऊ शकते. थाळीत केंद्र फक्त १.२५ मीटर मागे, म्हणून २५ मीटरच्या फेकीत सर्कलच्या पुढच्या बिंदूपासून मोजलं तरी पाच-सहा सेंटीमीटरच फरक पडतो. पण पाच सेंटीमीटरनेही तिसरा नंबर चौथ्यावर जातो.

*तपासा, दर फेकीला:* खिळ्यावरचा आकडा वजा आर्कवरचा आकडा बरोबर ८.०० आला पाहिजे. थाळीत केंद्रावरचा वजा कड्यावरचा १.२५. न आल्यास टेप सरळ नाही, पिळलाय किंवा चुकीच्या कडेवर वाचलाय. एवढी एक वजाबाकी पंचाने केली तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

शाळेतले कापडी, फायबरचे टेप ओढले की लांबतात आणि ओले झाले की लोंबतात. दोघांनी सारख्या ताणाने धरा, गवताच्या वर उचलून नव्हे, जमिनीला टेकवून. टेपचं पहिलं टोक नीट बघा: आमच्या एका टेपचे पहिले दहा सेंटीमीटर तुटलेले होते आणि दोन तास सगळ्यांच्या फेकी दहा सेंटीमीटरने वाढलेल्या लिहिल्या गेल्या. नंबर बदलले नाहीत, पण पात्रतेच्या अंतरासाठी पुढे पाठवलेला आकडा खोटा होता.

प्रत्येक वैध फेक लगेच मोजायची, शेवटी एकत्र नाही. खुणा तुडवल्या जातात. आठाहून जास्त खेळाडू असतील तर प्रत्येकाला तीन फेकी, मग पहिल्या आठांना आणखी तीन. छोट्या स्पर्धेत वेळ नसेल तर आयोजक फेकी कमी करतात, ते आधी विचारून घ्या. दोघांची सर्वोत्तम फेक सारखी आली तर दुसऱ्या क्रमांकाची फेक बघतात. म्हणून पहिली फेक चांगली गेली तरी बाकीच्या प्रत्येक वैध फेकीचा आकडा कागदावर हवा, आणि कागदावर आकडा लिहिणारा माणूस टेप वाचणाऱ्याच्या शेजारीच उभा हवा, मंडपात नाही.